वेग वाढणाऱ्या चाकावरील बिंदूचं एकूण त्वरण

प्रश्न: चाकाचा वेग वाढत असेल तर त्रिज्येच्या आणि स्पर्शरेषेच्या दिशेची त्वरणं सरळ मिळवायची का?

नाही, ती एकमेकांना काटकोनात असतात, म्हणून पायथागोरसने मिळवायची: a = √(aᵣ² + aₜ²). स्पर्शरेषेचा भाग aₜ = αr बिंदूची चाल वाढवतो, तर केंद्राकडे रोखलेला aᵣ = ω²r फक्त दिशा वळवतो. इथे r हे बिंदूचं आसापासूनचं अंतर, ω हा चाकाचा कोनीय वेग आणि α हे कोनीय त्वरण.

समजा r = 0.5 मी., α = 2 rad/s² आणि चाक स्थिर स्थितीतून सुटलं. 1 सेकंदाने ω = 2 rad/s, म्हणून aᵣ = 2 आणि aₜ = 1; एकूण √5, म्हणजे सुमारे 2.24 m/s². हा सदिश त्रिज्येपासून फिरण्याच्या दिशेने 26.6° कललेला असतो. आणखी एका सेकंदाने aₜ तेवढाच राहतो, पण aᵣ थेट 8 होतो, एकूण 8.06 आणि कल जेमतेम 7°. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट ही वाटते की कलाचा कोन φ धरला तर tan φ = α/ω² मध्ये r येतच नाही, त्यामुळे एकाच आऱ्यावरच्या सगळ्या बिंदूंचा कल एका क्षणी सारखाच असतो.

नेहमीची चूक म्हणजे ω सुरुवातीचा घेणं. तो त्या क्षणाचाच हवा.

हे सगळं आस जागेवर स्थिर असेल तरच. चाक रस्त्यावर घरंगळत असेल, तर आसाचं त्वरणही सदिश म्हणून मिळवावं लागतं.