पासबुकातलं ‘नावे’, पट्टीतली ‘उचल’ आणि न जुळणारे आकडे

प्रश्न: आई-बाबांचा ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा करतोय, भावाकडे जायचंय. बाबा औसा तालुक्यात शेती करतात. जिल्हा बँकेचं पासबुक मराठीत, तहसीलचा उत्पन्न दाखला मराठीत. दुसऱ्या बँकेचं स्टेटमेंट इंग्रजीत आहे, पण त्यातली आखूड अक्षरं काही कळत नाहीत. दाखल्यावर १,८०,००० आणि बँकेत वर्षभरात जमा जवळपास नऊ लाख! भाषांतर मीच केलं तर चालेल का? आणि हे आकडे जुळवायचे कसे?

उत्तर:

आधी सोपं ते संपवतो. भाषांतर तुम्ही करू नका. ब्रिटनचा नियम असा की भाषांतराची स्वतंत्रपणे खातरजमा करता आली पाहिजे. म्हणून त्यावर चार गोष्टी लागतात: हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे असं भाषांतरकाराचं लेखी म्हणणं, तारीख, त्याचं पूर्ण नाव व सही, आणि संपर्काचा पत्ता-फोन. मुलानेच वडिलांच्या कागदावर हे लिहिलं तर ‘स्वतंत्र’ काय उरलं? नोटरीचा शिक्का मात्र ते मागत नाहीत. कोर्टासमोरच्या टेबलावर पाचशे रुपये देऊन लाल शिक्का आणला म्हणजे भाषांतर बरोबर होतं, हा आपल्याकडचा गोड गैरसमज आहे.

इंग्रजी स्टेटमेंटचं भाषांतर करायचंच नाही. ते इंग्रजीतच आहे. त्यातल्या टिपणांसाठी एक वेगळं पान करा, वर ‘स्पष्टीकरण’ असं शीर्षक द्या आणि ज्या नोंदी मोठ्या किंवा वारंवार येतात तेवढ्याच उलगडा. इथे दोन जागी लोक हमखास घसरतात. पहिली `TO` आणि `BY`. हे जुन्या हिशोबलेखनातले शब्द आहेत: `TO` म्हणजे खात्यातून गेले, `BY` म्हणजे खात्यात आले. `TO CASH` म्हणजे रोख काढली. ‘कुणाला’ आणि ‘कुणाकडून’ असा अर्थ लावला की गोंधळ होतो. दुसरी जागा व्याजाची. `INT.PD` म्हणजे बँकेने तुम्हाला दिलेलं व्याज, `INT.COLL` म्हणजे बँकेने तुमच्याकडून वसूल केलेलं. एका फाइलीत दोन्ही उत्पन्नात धरलेली मी पाहिली आहेत. रक्कम कोणत्या रकान्यात आहे हे बघितलं असतं तरी कळलं असतं. आणि यूपीआयच्या नोंदीत समोरच्याचं नाव अर्ध्यात तुटलेलं असतं. ते अंदाजाने पूर्ण करू नका, तुटलं तसंच ठेवा. एखादं संक्षिप्त रूप शाखेतल्या माणसालाही सांगता आलं नाही, तर त्याचा विस्तार बनवू नका. फक्त रक्कम कशाची आहे ते लिहा.

खरं काम मराठी पासबुकात आहे. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका भाषांतरात रकान्यांची शीर्षकं होती: तारीख, तपशील, ‘नेम्स’, ‘डिपॉझिट’, ‘बॅलन्स’. ‘नेम्स’खाली बारा हजार, तीन हजार पाचशे असे आकडे. ‘नावे’ म्हणजे खर्ची टाकलेली, डेबिट रक्कम, हे परराज्यातल्या त्या एजन्सीला ठाऊक नव्हतं. त्याच पानावर ‘ह.’ हे एका माणसाच्या नावाचं आद्याक्षर समजून लिहिलेलं. ते ‘हस्ते’ आहे, म्हणजे पैसे प्रत्यक्ष कुणी आणून भरले ते. ‘मा.शि.’ म्हणजे मागील शिल्लक, ‘मु.ठे.’ मुदत ठेव, ‘पी.क.’ पीक कर्ज. अशा जागी पूर्ण इंग्रजी अर्थ लिहायचा आणि पहिल्या वेळी मूळ अक्षरं चौकोनी कंसात ठेवायची, म्हणजे तपासणाऱ्याला मूळ पानावर बोट ठेवता येतं. ओळीसमोर ओळ आली पाहिजे, शिक्के आणि सह्यासुद्धा. वाचता न येणाऱ्या जागी ‘वाचता येत नाही’ असं इंग्रजीत लिहायचं. पासबुकावर ओळीवर ओळ छापली गेली असेल तर भाषांतराच्या नादी न लागता शाखेतून शिक्क्यासह खातेउतारा घ्या.

आता अंक. त्याच एजन्सीने ४१,७५० चे 89,650 केले होते. हसू नका. देवनागरी येत नसलेल्या डोळ्यांना ४ हा 8 दिसतो, १ हा 9 आणि ७ हा 6. वाचून वाचून ही चूक सापडत नाही, कारण वाचणारा प्रत्येक ओळ सुटी वाचतो. भाषांतरातले आकडे एक्सेलमध्ये टाका, नावे C मध्ये, जमा D मध्ये, शिल्लक E मध्ये, पहिली नोंद दुसऱ्या ओळीत ठेवा, आणि शेजारी F3 मध्ये हे सूत्र टाकून खाली ओढा:

```
=E2-C3+D3
```

हे उत्तर छापलेल्या शिल्लकेशी प्रत्येक ओळीत जुळलं पाहिजे. जिथे जुळत नाही तिथे फरक बघा. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालीय, ५,४०० चे ४,५०० झालेत असं. मात्र मूळ पासबुकातच बँकेची चूक निघाली, तर भाषांतरात ती सुधारायची नाही. आहे तशी उतरवायची आणि बँकेकडून दुरुस्त उतारा आणायचा. भाषांतरकाराने आकडा ‘नीट’ करणं आणि कागद खोटा करणं यात बाहेरच्या माणसाला फरक दिसत नाही. ब्रिटनच्या व्हिसात खोटा कागद दिल्याचं ठरलं तर दहा वर्षांची बंदी येऊ शकते.

तुमच्या नऊ लाखांसारखंच एक प्रकरण निलंग्याकडच्या शेतकऱ्याचं केलं होतं. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे फिरवलेत. वर्षभरातली जमा ८,८७,५०० आणि दाखला तुमच्यासारखाच १,८०,००० चा. मुलगा घाबरून म्हणाला, तहसीलमधून मोठ्या रकमेचा नवा दाखला काढू का? मी म्हटलं, आधी पेन्सिल घेऊन जमेच्या ओळी वेगळ्या करू.

त्यात चार लाख ‘नवं-जुनं’ केल्याचे निघाले. मराठवाड्यात हे सांगायला नको, पण लंडनच्या माणसाला कसं कळावं? मार्चमध्ये जुनं पीक कर्ज भरायचं म्हणून मेहुण्याकडून दोन लाख हातउसने घेतले. ते खात्यात आले, कर्जात गेले. आठवड्याने नवं कर्ज दोन लाख खात्यात आलं आणि मेहुण्याला परत गेलं. पासबुकात दोनदा दोन लाख जमा, तीही पंधरा दिवसांत. अर्ज तपासणाऱ्याच्या नजरेला हे व्हिसासाठी तात्पुरते आणून ठेवलेले पैसे वाटतात, आणि नेमका त्यांचा संशय त्यावरच असतो. व्हिजिटर व्हिसाला अमुक इतकी शिल्लक हवी असा ठरलेला आकडा नाही. पैसा तुमचाच आहे का आणि कुठून आला, हे बघतात. म्हणून पीक कर्ज खात्याचा उतारा जोडला, मेहुण्याच्या खात्यातून आलेली आणि त्याला परत गेलेली, अशा दोन्ही नोंदींवर खूण केली.

आणखी १,५०,००० मुदत ठेव मोडल्याचे होते. ते उत्पन्न नव्हे, स्वतःचेच पैसे या खिशातून त्या खिशात. आता उरले ३,३७,५००. त्यात सोयाबीनचे २,१७,८४०, तुरीचे १,०४,५००, पीएम किसान आणि नमो शेतकरीचे मिळून १२,०००, व्याज ३,१६०.

सोयाबीनच्या आकड्यावर थांबतो, कारण माल विकल्यावर आडत्याने दिलेल्या हिशोब पट्टीचं भाषांतर इथे अडतं. पट्टीवर होतं: ६२ क्विंटल, भाव ४,३५०, एकूण २,६९,७००. हमाली-तोलाई १,८६० वजा. मग ‘उचल’ ५०,००० वजा आणि बाकी २,१७,८४०. आधीच्या भाषांतरात ‘उचल’चं ‘लिफ्टिंग चार्जेस’ झालं होतं! म्हणजे पन्नास हजारांची हमाली. उचल म्हणजे पेरणीच्या वेळी आडत्याकडून घेतलेली आगाऊ रक्कम, आणि ती इथे रोख घेतलेली होती. हे पैसे बँकेत कधी आलेच नाहीत, तरी मालाच्या किमतीचा ते भाग आहेत. म्हणून वर्षाची एकूण आवक ३,३७,५०० अधिक ५०,०००, म्हणजे ३,८७,५००.

यातून बियाणं, खत, फवारणी, मळणी, मजुरी असा दोन लाखांच्या थोडा वर खर्च गेला. पावत्या सगळ्या नव्हत्या, जेवढ्या होत्या तेवढ्या जोडल्या. उरतं ते दाखल्याच्या १,८०,००० च्या आसपास येतं. दाखला खोटा नव्हता आणि बँकही खोटी नव्हती. एकात खर्च वजा जाऊन राहिलेलं होतं, दुसऱ्यात येणारा-जाणारा प्रत्येक रुपया होता.

ही जुळवाजुळव भाषांतरात घुसवायची नाही. ती अर्जदाराच्या सहीच्या एका पानी पत्रात जाते, आणि ऑनलाइन अर्जात लिहिलेलं उत्पन्न त्या पत्राशी जुळलं पाहिजे. अर्जात महिन्याचा आकडा विचारला तर १,८०,००० ला बाराने भागून १५,००० लिहा. मनाने पंचवीस हजार नको. तुमचा हिशोब दाखल्याजवळ येत नसेल, विशेषतः दाखला कधीकाळी शिष्यवृत्तीसाठी कमी रकमेचा काढलेला असेल, तर तो लावू नका. तलाठ्याकडे खरी माहिती देऊन चालू वर्षाचा नवा काढा. आणि दाखल्यावर कोणत्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न आहे ते बघा. पासबुकाचा कालावधी तोच हवा, नाहीतर दोन वेगळ्या हंगामांची तुलना होते.

रकमा लिहिताना स्वल्पविराम आपल्याच पद्धतीने, 1,80,000 असा ठेवा, आणि पहिल्या पानावर एक टीप द्या की एक लाख म्हणजे शंभर हजार. दाखल्यात ‘अक्षरी’ रक्कम असते, तीही भाषांतरात घ्या. पौंडांतलं रूपांतर भाषांतरात नको, पत्रात हवं तर तारखेसह द्या.

नावांचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे. दाखल्यावर ‘पांडुरंग’ आहे म्हणून भाषांतरकाराने स्वतःच्या आवडीचं स्पेलिंग करायचं नाही. त्याला पासपोर्टची प्रत आधीच द्या. तुमचं औसा लातूर जिल्ह्यात, म्हणून एक कटकट वाचली. पण आईचं माहेर धाराशिवकडचं असेल तर लक्ष ठेवा: २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, जुन्या पासपोर्टवर उस्मानाबाद आणि नव्या दाखल्यावर धाराशिव असतं. भाषांतरात मूळ कागदावर जे आहे तेच लिहायचं आणि खाली भाषांतरकाराची एका ओळीची टीप द्यायची की दोन्ही एकच जिल्हा आहे. छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबादचंही तेच.

पट्टी आणि कर्जखात्याचा उतारा हाताशी आला की जमेच्या पाच-सहा मोठ्या ओळी इथे टाका, खातेक्रमांक झाकून. कोणती कशात धरायची ते बघू.