पत्ता घरचाच असला तरी भरवसा का नको?

मालवणात होमस्टे आहे. बुकिंगचं पान फक्त काउंटरच्या पीसीला, म्हणजे 192.168.1.10 ला उघडतं, म्हणून पासवर्ड ठेवला नाही. पाहुणे त्याच वायफायवर असतात. चालेल ना?

नाही. आयपी पत्ता म्हणजे दारावरची पाटी, ती कोणीही लावू शकतो. पान ज्या यंत्रावर आहे तो सर्व्हर फक्त पत्ता बघतो, म्हणून पीसी बंद असताना पाहुण्याने स्वतःच्या लॅपटॉपला .10 दिला की पान उघडलं.

पीसी चालू असला तरी अडत नाही. नेटवर्कवर ‘.10 कोणाकडे?’ हे एआरपी नावाची पद्धत विचारते आणि जो उत्तर देईल त्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक, लिहून ठेवते. खात्री करायची सोयच त्यात नाही. न विचारता आलेलं उत्तरही बहुतेक यंत्रं मान्य करतात. पाहुणा दर दोन-चार सेकंदांनी सर्व्हरला ‘.10 मी’ आणि पीसीला ‘सर्व्हर मी’ असं कळवत राहतो. मग दोघांमधली सगळी ये-जा त्याच्या लॅपटॉपमधून होते. पान साध्या http वर असेल तर नावं, फोन नंबर सगळं वाचता येतं.

संशय आला तर काउंटरच्या पीसीवर `arp -a` चालवा:

```
192.168.1.1    a4-2b-b0-11-22-33
192.168.1.37   a4-2b-b0-11-22-33
```

राउटर किंवा सर्व्हर आणि .37 सारखा दुसरा पत्ता यांचा मॅक एकच दिसला तर गडबड असू शकते. मात्र काही वायफाय रिपीटरही असंच दाखवतात, तेवढं आधी तपासा.

आजच पानाला पासवर्ड आणि https लावा. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क चालू करा आणि त्यातून घरच्या नेटवर्कला जाण्याची परवानगी बंद ठेवा. गेस्टच्या फोनवरून 192.168.1.10 ला पिंग करून बघा. उत्तर आलं नाही तरी बुकिंगच्या पानाचा पत्ताही टाकून बघा, कारण विंडोजचा फायरवॉल पिंग अनेकदा तसाही अडवतो.