वर ऊब, खाली गारठा : थंडीतल्या धुक्याबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, जानेवारीत महाबळेश्वरला गेलेलो. हॉटेल गावात वरच्या बाजूला, तिथं थंडी सोसण्यासारखी होती. पहाटे वेण्णा लेकवर उतरलो तर दाट धुकं आणि गाड्यांच्या टपावर चक्क बर्फ! उंचावर जास्त थंडी असते ना? (फोंडा)

दिवसा असते. रात्री निरभ्र आकाश आणि पडलेला वारा असेल तर डोंगरात हे गणित उलटं होतं.

सूर्य मावळला की जमीन दिवसभराची उष्णता वर आकाशात सोडायला लागते. ढग असले तर त्यातली बरीच उष्णता ते परत खाली पाठवतात, म्हणजे पांघरूणच समजा. थंडीत आकाश मोकळं आणि रात्र लांब, त्यामुळे जमीन झपाट्याने निवते आणि तिला चिकटलेली हवाही गार होते. आता गार हवा जड असते, ती उतारावर थांबत नाही, पाण्यासारखी हळूहळू घरंगळत खाली लवणात जाऊन साचते. तिची जागा घ्यायला उतारावर वरची जरा उबदार हवा येते, म्हणून तुमच्या हॉटेलपाशी बरं वाटलं आणि तळ्याकाठी दात वाजले. खाली गार, वर ऊब, याला इन्व्हर्जन म्हणतात, भूगोलाच्या पुस्तकात तापमानाची विपरीतता. उबदार थर वर झाकणासारखा बसतो आणि खालची जड हवा वर येऊच शकत नाही.

हे झाकण डोळ्यांनी दिसतं. पहाटे दरीतल्या वाडीकडे बघा, चुलीचा धूर सरळ वर जातो आणि एका उंचीवर अडून आडवा पसरतो, पांढरी पट्टी ओढल्यासारखा. झाकण साधारण तिथंच असतं.

बर्फाचं म्हणाल तर तो आकाशातून पडलेला नसतो. पत्र्याचा टप आणि गवत आकाशाकडे तोंड करून असतात, ते हवेपेक्षाही जास्त निवतात. थर्मामीटर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर पेटीत असतो, त्यात 3-4 अंश दिसत असताना खाली गवतावर शून्य झालेलं असू शकतं, आणि मग दंव गोठतं. म्हणून वेण्णा आणि लिंगमळा भागात हिमकण पडल्याची बातमी येते त्याच दिवशी गावातला अधिकृत आकडा चांगला वर असतो, लोक म्हणतात आकडा चुकीचा, पण दोन्ही खरं असतं, फक्त जागा वेगळी आणि उंची वेगळी.

प्रश्न : रात्री 2 वाजेपर्यंत आम्ही तारे बघत होतो, धुक्याचा मागमूस नव्हता. पहाटे उठलो तर समोरचं झाड दिसेना. एवढं धुकं आलं कुठून? (मडगाव)

कुठून आलं नाही, तिथंच झालं. बाष्प रात्रभर तुमच्याभोवती होतंच, फक्त दिसत नव्हतं.

एक हिशेब करून बघू. समजा संध्याकाळी 18 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता आहे. 18 अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण 15 ग्रॅम बाष्प मावतं, म्हणजे तुमच्या हवेत आहे 9 ग्रॅमच्या आसपास. 10 अंशाला मावतंच मुळी 9 ग्रॅमच्या जरासं वर, म्हणजे पारा 10 च्या खाली घसरला की जास्तीचं बाष्प पाणी होऊन बाहेर पडायला लागतं, हाच दवबिंदू. 8 अंशापर्यंत गेला तर घनमीटरमागे पाऊण-एक ग्रॅम पाणी सुटतं, त्यातलं बरंचसं गवतावर दंव म्हणून बसतं आणि उरलेलं हवेतल्या धूलिकणांवर बारीक थेंब होऊन लटकतं. अर्धा ग्रॅमसुद्धा नको, त्याहून कितीतरी कमी पाण्यात समोरचं झाड गायब होतं. दिसणं 1000 मीटरच्या आत आलं की हवामानवाले त्याला धुकं म्हणतात, त्याच्यावर असेल तर धूसर. जमिनीने उष्णता सोडून सोडून झालेलं म्हणून याचं नाव रेडिएशन फॉग.

2 वाजता पारा दवबिंदूच्या वर होता, रात्रीची सगळ्यात गार वेळ असते सूर्योदयाच्या आसपास, म्हणून ते पहाटे दिसलं. आणि एकदा बनलं की भराभर जाड होतं, कारण आता उष्णता सोडायचं काम जमिनीऐवजी धुक्याचा वरचा थर करतो, तो निवतो आणि धुकं वर वाढत जातं.

वारा मात्र बेताचा हवा. अगदीच बंद असेल तर सगळं दंवातच संपतं, धुकं घोटाभर राहतं. ताशी 4-5 किलोमीटरची झुळूक गारवा थोडा वर ढवळते आणि मग ते डोक्यावर जातं. जोरात वारा असेल तर वरची कोरडी उबदार हवा खाली मिसळते आणि त्या रात्री काहीच नाही.

प्रश्न : पाचगणीहून वाईकडचं खोरं पहाटे दुधाने भरल्यासारखं दिसत होतं. नाश्ता करून परत आलो तर धुकं वर आमच्यापर्यंत आलेलं! ऊन पडल्यावर ते कमी व्हायला नको? (म्हापसा)

कमीच होत होतं, फक्त तुमच्या वाटेने.

कृष्णेचं खोरं, त्यात धोम धरणाचं पाणी, म्हणजे बाष्पाला तोटा नाही. गार हवा तिथं साचली, धुकं झालं, आणि झाकण असल्यामुळे त्याचा माथा सपाट राहिला, म्हणून तुम्हाला वरून दुधाचं तळं दिसलं. तेव्हा तुम्ही धुक्याच्या वर होता.

ऊन आलं की थोडं ऊन धुक्यातून झिरपून जमिनीपर्यंत पोचतं, जमीन तापते आणि धुकं तळाकडून विरायला लागतं. खालचा भाग मोकळा होतो, उरलेलं वर उचललं जातं, ढगच होतो म्हणा ना. त्याच वेळी उन्हात तापलेल्या उतारावरून हवा वर चढायला लागते आणि हा ढग घेऊन कड्यावर येते. म्हणजे 9 वाजता वाईत बऱ्यापैकी दिसतंय आणि पॉइंटवर काही नाही, असं होतं. तास-दीड तास थांबलात तर बहुतेक वेळा झाकण मोडतं आणि सगळं साफ होतं. खोऱ्याचा फोटो हवा असेल तर सूर्योदयाआधीच पोचा.

प्रश्न : आमच्या सत्तरीत कुठे एवढे डोंगर, तरी डिसेंबर-जानेवारीत म्हादईकाठी धुकं असतंच. पावसाळ्यात आंबोलीला असतं तेच का हे? (वाळपई)

नाही, आंबोलीचं पावसाळी धुकं म्हणजे समुद्रावरून आलेली ओली हवा घाट चढताना गार होऊन झालेला ढग, तो वाऱ्यानेच येतो आणि दिवसभर राहू शकतो. तुमचं मात्र वेण्णा लेकचंच भावंड. त्याला उंची लागत नाही, लागतो खोलगटपणा आणि ओल. सह्याद्रीच्या पायथ्याला नदीकाठी कुळागरं, पाण्याने भरलेले पाट, तिन्ही बाजूंनी उतार, गार हवा उतरून तिथंच बसते. फक्त आपल्याकडे पारा शून्याजवळ जात नाही, म्हणून नुसतं दंव, बर्फ नाही.

घरी बघायचं असेल तर गाडी अशी लावा की अर्धी पोरसातल्या फणसाखाली आणि अर्धी उघड्यावर राहील. सकाळी उघडी बाजू ओलीचिंब आणि फणसाखालची जवळजवळ कोरडी, कारण झाडाने तिचं आकाश झाकलेलं असतं. रात्री 10 वाजताच उघडा टप ओला लागला, तारे स्वच्छ असले आणि पान हलत नसलं, तर पहाटे नदीकाठचा रस्ता धुक्यात असणार असं धरून चाला. चोर्ला घाटाने जायचं असेल तर उजाडायच्या आधीची घाई करू नका, 9 नंतर निघा. आणि धुक्यात गाडीचे हेडलाईट डिमवरच ठेवा, हाय बीम थेंबांवर आपटून तुमच्याच डोळ्यांत परत येतो.