काळं जॅकेट, पट्टे, खिसे आणि न धुण्याचा हट्ट

प्रश्न: टेकवेअर आणि गोर्पकोर यात नक्की फरक काय? मला दोन्हीकडे तीच काळी-करडी वॉटरप्रूफ जॅकेटं, पट्टे आणि खिसेच खिसे दिसतात. सप्टेंबरमध्ये लंडनला शिकायला चाललोय. सेकंडहँड शेल जॅकेट घेतलं तर चालेल का?

मी लीड्समध्ये राहते आणि डोंगर-भटकंतीच्या सामानाच्या एका दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर काम करते. दिवसभर माझ्यासमोर हीच जॅकेटं येतात, त्यामुळे उत्तर द्यायचा मोह आवरला नाही.

फरक थोडक्यात सांगते. टेकवेअर शहरासाठी शिवलेलं असतं. 1994 साली एरोल्सन ह्यू आणि मिखाएला साखेनबाखर यांनी जर्मनीत सुरू केलेलं अ‍ॅक्रोनिम हे त्याचं मूळ घराणं. बहुतेक काळा रंग, अंगाच्या हालचालीनुसार केलेली कापणी, आणि जॅकेट काढून पाठीवर लटकवता यावं म्हणून आतून दिलेला पट्टा. गोर्पकोरचं उलट आहे. कपडे खऱ्या डोंगरासाठी शिवलेले, पण घालणारा कॉफी प्यायला निघालेला. न्यूयॉर्क मॅगझिनमधल्या एका लेखाने 2017 साली या फॅशनला नाव दिलं. त्यात माती, शेवाळ, दगड यांचे रंग, फ्लीस आणि आर्कटेरिक्ससारख्या कंपन्यांची शेल जॅकेटं, म्हणजे पाऊस-वारा अडवणारी सर्वांत बाहेरची जॅकेटं येतात. हातात घेऊन ओळखायचं असेल तर खिसे बघा. डोंगरासाठी शिवलेल्या शेलचे खिसे छातीकडे सरकवलेले असतात, कारण सॅकचा कमरपट्टा खालचे खिसे दाबून टाकतो. शहरी जॅकेटचे खिसे हात सहज जाईल तिथे, म्हणजे नेमके त्या पट्ट्याखाली येतात.

आता सेकंडहँडचं. जरूर घ्या. पण आधी माझ्या चुलतभावाच्या जॅकेटची गोष्ट ऐका, कारण तुम्हालाही कोणीतरी तोच सल्ला देणार आहे.

दादा पुण्याहून आला तेव्हा त्याने ऑनलाइन एक वापरलेलं तीन थरांचं काळं शेल घेतलं होतं. उत्तम जॅकेट होतं. आतून पट्टे, बाहीवर छोटा खिसा, काखेत हवेसाठी झिप. आम्ही लेक डिस्ट्रिक्टला गेलो आणि सीथवेटहून स्कॉफेल पाइक चढायला लागलो. स्कॉफेल पाइक म्हणजे 978 मीटरचं, इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर. आणि सीथवेट ही तिथली सर्वांत पावसाळी वस्ती, वर्षाला साडेतीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणारी. मी वाटेत हे सांगितलं तर दादा म्हणाला, "अगं, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर पडतो. मला पाऊस शिकवू नकोस."

पाऊस छळतो तितकाच गारठाही छळतो, हे तिथे कळतं. तासाभराच्या चढणीनंतर दादाच्या जॅकेटचं कापड खांद्यांवर आणि बाह्यांवर गडद पडलं. पाणी थेंब होऊन घरंगळायच्या ऐवजी कापडात मुरत होतं. खिंडीत पोचेपर्यंत त्याच्या आतल्या शर्टाच्या बाह्या ओल्या झाल्या आणि त्याने निकाल दिला: "गळतंय. डुप्लिकेट गळ्यात मारलं मला." मी विचारलं, शेवटचं कधी धुतलंस? तर म्हणाला, "गोअर-टेक्स धुवायचं नसतं. धुतलं की त्याचं वॉटरप्रूफिंग जातं, हे कोणालाही विचार."

हे "कोणालाही विचार" मी माझ्या टेबलावर सतत ऐकते, आणि ते चूक आहे.

अशा तीन थरांच्या जॅकेटमध्ये पाणी अडवतो तो बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर यांच्या मधला पातळ पडदा, म्हणजेच गोअर-टेक्स. बॉब गोअर यांनी 1969 साली टेफ्लॉनच्या जातीचं प्लॅस्टिक झटक्यात ताणून ज्याची सुरुवात केली, तो. त्याची छिद्रं इतकी बारीक असतात की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. या पडद्याला धुण्याने काही होत नाही. बाहेरच्या नायलॉनवर मात्र वेगळा लेप असतो, ज्याला सगळे डीडब्ल्यूआर म्हणतात. त्याचे रेणू धाग्यावर ब्रशच्या केसांसारखे उभे असतात आणि थेंबाला कापडावर पसरू देत नाहीत. अंगाचं तेल, धूळ आणि सॅकच्या पट्ट्यांचं घासणं यांनी ते आडवे पडतात. मग बाहेरचं कापड पाणी पितं आणि पाण्याचा एक थर जॅकेटवर बसतो. पडदा शाबूत असतो, पण वाफेची वाट बंद होते. चढताना माणूस भरपूर घाम गाळतो. तो घाम गार पडलेल्या कापडाला आतून लागून पुन्हा पाणी होतो. दादाच्या बाह्या भिजवल्या त्या या घामाने.

खरी गळती आणि घाम ओळखणं अवघड नाही. गळती एका जागी असते: शिवणीखाली, झिपच्या रेषेत, मानेपाशी. घाम पसरलेला असतो, आणि बहुतेक वेळा हातांच्या कोपराखालच्या भागात व पाठीवर. दादाचे खांदे आतून कोरडे होते, बाह्या ओल्या होत्या. मी हे दाखवलंसुद्धा. तो म्हणाला, "वकिली करू नकोस."

संध्याकाळी हॉस्टेलवर मी जॅकेट उलटं केलं, पाठीच्या कापडाचा खोलगट खळगा करून त्यात मगभर पाणी ओतलं आणि बेसिनवर धरून ठेवलं. दहा मिनिटं झाली तरी खालच्या बाजूला एक थेंब आला नाही. म्हणजे निदान तिथला पडदा ठणठणीत. मग मी काय करायचं ते सांगितलं, आणि तुम्हीही सेकंडहँड जॅकेट हातात आल्यावर पहिल्याच दिवशी हेच करा. सगळ्या झिपा आणि वेल्क्रो लावून, पट्टे आत खोचून, मशीनमध्ये 30-40 अंशांवर, थोड्याशा द्रव साबणात धुवायचं. पावडर नको, फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात नको. दोनदा खळबळायचं. पूर्ण वाळल्यावर ड्रायरमध्ये मध्यम उष्णतेवर आणखी वीस मिनिटं फिरवायचं, कारण उष्णतेनेच ते आडवे पडलेले रेणू पुन्हा उभे राहतात. मग नळाखाली धरून बघायचं. थेंब गोळे होऊन पळाले तर काम झालं. तरीही पाणी मुरत असेल तर लेप झिजला आहे; ओल्या जॅकेटवर नवा डीडब्ल्यूआर स्प्रे मारून पुन्हा ड्रायर.

दादाने जॅकेट माझ्याकडे टाकलं. मी ते धुतलं, वाळवलं, आणि त्याच्यासमोर नळाखाली धरलं. थेंब मण्यांसारखे निसटले. त्याने बघितलं, "हो का" म्हणाला, आणि अजूनही घरच्या कुठल्याही कार्यात "हिच्या विलायतेतलं जॅकेट गळलं होतं" ही गोष्ट सांगतो. दादा, हे वाचत असशील तर: गळलं नव्हतं. मळलं होतं.

त्याच्या समजुतीमागे एक खरा धागा आहे, तोही सांगायला हवा. साध्या पावडरीचा अंश कापडात राहतो आणि सॉफ्टनरचा लेप पाणी ओढून घेतो. लोकांनी तसं धुतलं, परिणाम वाईट आला, आणि दोष धुण्यावर गेला. शिवाय नव्या जॅकेटांना धुण्याची गरज आधीपेक्षा जास्त आहे. जुन्या डीडब्ल्यूआरमधली फ्लोरिनयुक्त रसायनं पर्यावरणात टिकून राहतात म्हणून हटवली जात आहेत. कॅलिफोर्नियाने 2025 पासून बहुतेक नव्या कपड्यांत त्यांच्यावर बंदी घातली. त्यांच्या जागी आलेले लेप पाणी बरं अडवतात, पण तेल अडवत नाहीत. त्यामुळे मानेचं आणि हाताचं तेल लवकर बसतं.

विकत घेताना जॅकेट उलटं करूनच बघा. विक्रेता फक्त बाहेरचे फोटो देत असेल तर सोडून द्या. टोपी आणि कॉलरची आतली बाजू आधी तपासा, कारण केसांचं तेल आणि घाम तिथेच साचतो आणि पडदा तिथेच आधी सुटतो. फुगे किंवा सुरकुतलेले पापुद्रे दिसले तर थर सुटले आहेत. ते परत चिकटत नाहीत आणि मीही दुरुस्त करू शकत नाही. शिवणीवरची पट्टी मात्र फक्त टोकाला सुटली असेल तर ती उष्णतेने पुन्हा बसवता येते, त्यावर भाव पाडून घ्या. आतलं अस्तर चिकट लागत असेल किंवा आंबट वास येत असेल तर पॉलियुरेथेनचा लेप दमटपणाने कुजलेला आहे. मुंबईच्या कपाटात वर्षानुवर्षं बंद राहिलेली जॅकेटं अशीच जातात, म्हणून सुट्टीत घरी ठेवून येऊ नका.

पट्ट्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आतला, जॅकेट खांद्यावर लटकवायचा पट्टा लंडनच्या भुयारी रेल्वेत रोज उपयोगी पडतो, कारण बाहेर गारठा आणि डब्यात उकाडा. बाहेर लोंबणारे, कशालाही न जोडलेले पट्टे सॅकमध्ये अडकतात. त्यांचे पैसे देऊ नका. चकचकीत रबरी लेपाच्या झिपा पाणी अडवतात, पण पूर्ण नाही, म्हणून खिशात फोन उघडा ठेवू नका. करडा आणि शेवाळी रंग शहरात छान दिसतो. धुक्यात, डोंगरावर, पाय मुरगळून बसलात तर तोच रंग तुम्हाला शोधणाऱ्यांपासून लपवतो, तेव्हा डोंगरावर जाणार असाल तर सॅकवर लाल किंवा नारिंगी कव्हर घाला.

हे सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट राहतेच. लंडनला वर्षाला साधारण सहाशे मिलीमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक रिमझिम. नुसतं कॉलेजला जायचं असेल तर महागडं तीन थरांचं शेल लागत नाही. स्वस्त दोन थरांचं जॅकेट आणि आत स्वेटर पुरतो. आणि जुलैत राजमाचीला घालायचं म्हणून तर मुळीच घेऊ नका. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबाच्या फरकावर. घामट त्वचेपाशी तो दाब साधारण 5.3 किलोपास्कल धरा. लेक डिस्ट्रिक्टच्या 5 अंशांच्या पावसात बाहेर 0.9 असतो, सह्याद्रीच्या 24 अंशांच्या पावसात जवळजवळ 3. म्हणजे ओढ निम्म्यावर येते आणि चढताना घाम प्रचंड. तिथे पॉन्चो किंवा छत्री बरी, आणि भिजलात तरी गारठत नाही.

खोलीवर ड्रायर नसेल तर लाँड्रेटमध्ये, म्हणजे पैसे देऊन मशीन वापरायच्या लाँड्रीत जा. तेही जमलं नाही तर वाळलेल्या जॅकेटवर सुती कापड टाकून हलक्या उष्णतेवर इस्त्री फिरवा, फक्त लेबलवर इस्त्रीच्या चित्राला फुली नाही ना, ते आधी बघा.