अपूर्णांक सुरू होण्याआधी पालकांना द्यायचं पत्र

प्रश्न: मी मुंबईत पाचवीला गणित शिकवते. अपूर्णांक सुरू करण्याआधी पालकांना पत्र द्यायचंय, घटकाची उद्दिष्टं आणि घरी काय करून घ्यायचं ते सांगणारं. मागच्या वेळी अभ्यासक्रमातली वाक्यं उतरवून दिली, कोणी वाचलीच नाहीत. कसं लिहू?

उत्तर:

‘सममूल्य अपूर्णांकांचे आकलन होणे’ हे टाचणवहीत शोभतं. रात्री साडेआठला लोकलमधून उतरून घरी आलेल्या माणसाला त्यातून काहीच करता येत नाही. उद्दिष्टं तीनच ठेवा, आणि प्रत्येक उद्दिष्ट म्हणजे मुलाला विचारता येईल असा एक प्रश्न असू द्या. मी साधारण असं लिहिते:

> नमस्कार. सोमवारपासून वर्गात अपूर्णांक सुरू होतील. घटक संपेल तेव्हा तुमच्या मुलाला पुढच्या प्रश्नांची उत्तरं कारणासकट देता यायला हवीत.
>
> एका पोळीचे चार सारखे भाग केले आणि तशाच दुसऱ्या पोळीचे आठ केले, तर कुठला तुकडा मोठा? १/२ आणि ४/८ सारखेच कसे? १/२ लिटर दुधात १/४ लिटर दूध घातलं तर किती होईल?
>
> घरी वेगळा अभ्यास नको. वर्तमानपत्राची एक लांब पट्टी कापा. ती मुलाला मधोमध दुमडू द्या, मग पुन्हा, मग पुन्हा. उलगडल्यावर आठ भाग दिसतील. निम्म्या पट्टीत त्यातले किती भाग येतात, हे त्यालाच मोजू द्या. भाजी घेताना पाव किलो आणि अर्धा किलो मिळून किती, हे त्याच्याकडून वदवून घ्या.
>
> एक विनंती. तिरका गुणाकार किंवा लसावि आत्ताच शिकवू नका. बेरजेची रीत वर्गात पट्टीवरून येईल.

शेवटची विनंती पालकांना सगळ्यात जास्त खटकते, म्हणून तिचं कारण सभेत तोंडी सांगा. आजवर मुलाने आठ हा चारापेक्षा मोठाच पाहिलाय, त्यामुळे १/८ हा १/४ पेक्षा मोठा वाटणं साहजिक आहे. तिरका गुणाकार करून तो बरोबर उत्तर काढेल, पण डोक्यातली समजूत तशीच राहील. ती राहिली आहे की नाही हे बेरजेत कळतं. १/२ + १/३ विचारलं की बरीच मुलं अंशात अंश, छेदात छेद मिळवून २/५ सांगतात. आता २/५ म्हणजे अर्ध्यापेक्षाही कमी. अर्ध्यात काहीतरी घातलं आणि ते अर्ध्याहून कमी झालं, हे ज्या मुलाला खटकतं, त्याला अपूर्णांक दिसतोय. खरं उत्तर ५/६, एकाहून थोडं कमी. म्हणून घरी उत्तर विचारण्याऐवजी ‘अर्ध्यापेक्षा जास्त की कमी? एकापेक्षा जास्त की कमी?’ एवढंच विचारा, असं पालकांना सांगा. हा प्रश्न विचारायला गणित चांगलं असावं लागत नाही, आजीसुद्धा विचारू शकते.

पोळीबद्दलही एक सूचना हवी. घरात वाटणी करताना सर्रास ‘मोठा अर्धा तुला’ म्हणतात. (मीही म्हणते, वडापाव वाटताना.) पण अपूर्णांकात भाग सारखे असावे लागतात, आणि तुलना करायची तर मूळची वस्तूही तेवढीच असावी लागते. छोट्या डोशाचा अर्धा आणि मोठ्या डोशाचा अर्धा शेजारी ठेवले की मुलं गोंधळतात. पोळीचे आठ भाग हाताने तोडून कधीच सारखे होत नाहीत, म्हणूनच पत्रात पट्टी दिली आहे. शिवाय पोळीवर मुलं १/२, ३/४ इथवरच पोचतात. ५/४ म्हणजे एकापेक्षा जास्त, हे एका पोळीत दाखवता येत नाही. दोन पट्ट्या एकापुढे एक ठेवल्या की लगेच दिसतं. तीन सारख्या भागांची घडी मात्र मुलांना जमत नाही, ती वर्गातच करा.

भाषेचं म्हणाल तर मराठी शाळेतही सगळ्या पालकांना मराठी सहज वाचता येतं असं नाही. पत्र वहीत चिकटवा आणि तोच मजकूर पालकांच्या ग्रुपवर तुमच्या आवाजात मिनिटभर बोलून पाठवा. ‘काही शंका असल्यास संपर्क साधावा’ ही ओळ काढली तरी चालेल, तिने कोणी संपर्क साधत नाही.

त्याऐवजी पत्राच्या तळाशी कापून परत पाठवायची चिठ्ठी ठेवा. तिच्यावर एकच प्रश्न: १/२ + १/३ हे एकापेक्षा जास्त की कमी, आणि का? मूल बोलेल ते पालकांनी जसंच्या तसं लिहायचं, सुधारायचं नाही, हे ठळक अक्षरात लिहा. ‘कमी, कारण २/५’ असं आलं, तर ‘कमी’ बरोबर असलं तरी कारण चुकलंय. सोमवारी पट्ट्या आधी त्या मुलांच्या हातात द्या.