काळ्यावरचा लाल मळकट का होतो: 4:2:0 आणि डोळ्याची सवलत

प्रश्न: काळ्या बॅकग्राउंडवर लाल बारीक रेघा आणि अक्षरं असलेली आकृती जेपेगमध्ये सेव्ह केली की लाल मळकट होतो, कडा पसरतात. क्वालिटी 85 आहे. पांढरी अक्षरं मात्र ठीक दिसतात. जेपेग रंगाचं रिझोल्यूशन कमी करतं आणि डोळ्याला ते कळत नाही, असं वाचलं. मग मला का कळतंय?

उत्तर: कारण डोळ्याची ही सवलत फक्त निव्वळ रंगापुरती आहे, आणि तुमच्या आकृतीत रंगाबरोबर उजेडही बिघडतोय. आधी डोळ्याचं बघू, मग तुमची रेघ.

दृष्टिपटलावरची एक शंकुपेशी एकटी रंग सांगू शकत नाही. तिच्यावर किती प्रकाश पडला एवढंच ती कळवते. रंग कळतो तो वेगवेगळ्या जातीच्या शेजारी पेशींची तुलना करून. म्हणजे उजेडाचा बारकावा जवळपास एकेका पेशीच्या मापाने टिपता येतो, रंगाला मात्र पेशींचा घोळका लागतो. त्यातही निळ्याला संवेदनशील पेशी अगदी थोड्या, आणि दृष्टिकेंद्राच्या ऐन मध्यावर त्या जवळपास नसतातच. शिवाय डोळ्याचं भिंग हिरव्या-पिवळ्यावर फोकस करतं तेव्हा निळा प्रकाश दृष्टिपटलावर धूसरच पडतो. तिथे जास्त पेशी असून तरी काय उपयोग झाला असता?

याचं माप असं: काळे-पांढरे पट्टे दृष्टिकोनाच्या एका अंशात तीसेक जोड्यांपर्यंत, चांगल्या परिस्थितीत पन्नासपर्यंतही वेगळे दिसतात. उजेड सारखा ठेवून फक्त लाल-हिरवे पट्टे घेतले तर साधारण 11-12 जोड्यांनंतर सगळं एकरंगी दिसायला लागतं.

आता हे स्क्रीनवर आणा. पिक्सेल पाव मिलिमीटरचा आणि तुम्ही 60 सेंटिमीटरवर बसलेले. एक अंश म्हणजे स्क्रीनवर साडेदहा मिलिमीटर, म्हणजे 42 पिक्सेल. एका जोडीला दोन पिक्सेल लागतात, म्हणून उजेडाच्या 21 जोड्या मावतात. 4:2:0 मध्ये रंग आडवा आणि उभा दोन्हीकडे निम्मा होतो, त्यामुळे रंगाच्या साडेदहा जोड्या उरतात. डोळ्याची रंगाची मर्यादा 11-12. म्हणजे माप जवळजवळ बेतून शिवल्यासारखं आहे. चित्र 200 टक्क्यांवर नेलंत की हेच साडेदहा सव्वापाचवर येतात आणि रंगाच्या पायऱ्या दिसायला लागतात. झूम करून 'बघा किती वाईट' म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच वाद घालत नाही, ते दुसऱ्याच अंतरावरून बघत असतात.

(ही युक्ती जेपेगची नाही. अमेरिकेत 1953 साली ठरलेल्या रंगीत टीव्हीच्या पद्धतीत उजेडाला 4.2 मेगाहर्ट्झ, नारिंगी-निळ्या अक्षाला सुमारे 1.3 आणि हिरव्या-जांभळ्या अक्षाला अर्ध्या मेगाहर्ट्झच्या आसपास जागा होती. तिथे दोन रंग-अक्षांतही फरक केला होता. जेपेग दोघांना एकाच कात्रीने कापतं.)

आता तुमची रेघ. एक पिक्सेल जाडीची शुद्ध लाल उभी रेघ, शेजारी काळं. जेपेग आधी लाल-हिरवा-निळा यांचे तीन वेगळे आकडे करतं: उजेडाचा Y, आणि रंगाचे Cb व Cr.

```
Y  = 0.299 R + 0.587 G + 0.114 B
लाल (255,0,0):  Y=76  Cb=85   Cr=255
काळा (0,0,0):   Y=0   Cb=128  Cr=128
```

दोन बाय दोनच्या चौकटीत दोन लाल, दोन काळे पिक्सेल आहेत. चारही Y जसेच्या तसे राहतात, पण Cb आणि Cr चारांत मिळून एकेकच. सरासरी काढली की Cb 107, Cr 192. बारा आकड्यांचे सहा झाले, बचत ती हीच. आता उलटं गणित करून पिक्सेल परत मिळवा:

```
R = Y + 1.402 (Cr - 128)
G = Y - 0.344 (Cb - 128) - 0.714 (Cr - 128)
B = Y + 1.772 (Cb - 128)

लाल पिक्सेल:  (166, 38, 39)
काळा पिक्सेल: (90, 0, 0)
```

हाच तुमचा मळकट लाल, आणि शेजारी सांडलेला गडद लाल. क्वालिटीमुळे होणारी हानी यात अजून धरलेलीच नाही.

खरी गोम पुढे आहे. Y तर 76 च ठेवला होता, मग उजेड बदलायला नको. पण हा Y गॅमा लागलेल्या, म्हणजे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसलेल्या, आकड्यांवरून काढलाय, स्क्रीनवरून निघणाऱ्या प्रत्यक्ष प्रकाशावरून नाही. प्रत्यक्ष प्रकाशात मोजलं तर पांढऱ्याला 1 धरून मूळ लाल 0.213 होता, आणि (166, 38, 39) भरतो 0.097 च्या आसपास. निम्म्याहूनही कमी! काळ्या पिक्सेलमध्ये तर हिरवा-निळा गणिताने ऋण येतात, ते शून्यावर छाटले जातात आणि तिथे Y सुद्धा टिकत नाही. 'उजेडाला हात लावत नाही' हे वचन फिक्या रंगांत बऱ्यापैकी पाळलं जातं, गडद भडक रंगांच्या कडांवर मोडतं. आणि उजेडातली गडबड टिपण्यात डोळा पटाईत आहे, म्हणून तुम्हाला झूम न करताही दिसलं.

पांढरी अक्षरं का वाचली? पांढरा, काळा, करडा, सगळ्यांचे Cb आणि Cr 128 च. सरासरीही 128. गमवायला काही नव्हतंच. फोटोत भडक रंगाची एक-पिक्सेल कड क्वचित असते. लेन्समुळे कडा दोन-तीन पिक्सेल पसरलेल्या असतातच, आणि रंगाच्या कडेला सहसा उजेडाचीही कड असते, डोळा तिलाच धरून रंग नीट बसला असं मानून घेतो. सगळ्यात वाईट हाल (76,76,76) या करड्यावर लाल अक्षरं लिहिली तर होतात. दोघांचा Y सारखाच, म्हणजे अक्षराचा आकार फक्त कापलेल्या रंगाच्या थरात असतो.

स्वतः खात्री करायची तर आधी इमेजमॅजिक या प्रोग्रॅमने फाइल बघा:

```
identify -format "%[jpeg:sampling-factor]\n" akruti.jpg
```

`2x2,1x1,1x1` आलं तर 4:2:0. `1x1,1x1,1x1` आलं तर 4:4:4, म्हणजे रंग पूर्ण आहे, आणि दोष दुसरीकडे शोधा. मग मूळ पीएनजीवरून पुन्हा बनवा:

```
magick akruti.png -sampling-factor 4:4:4 -quality 85 akruti.jpg
```

आधीच बनलेल्या जेपेगवर हे चालवू नका, गेलेला रंग परत येत नाही. इमेजमॅजिक क्वालिटी 90 किंवा वर असेल तर स्वतःच 4:4:4 घेतं. त्यामुळे 'क्वालिटी वाढवली आणि लाल सुधारला' असं लोकांना वाटतं, प्रत्यक्षात सुधारणा सॅम्पलिंग बदलल्याची असते. सगळी सॉफ्टवेअर असं करत नाहीत, काहींत 100 वरही 4:2:0 च राहतं. लॉसी वेबपीत तर दुसरा पर्यायच नाही. तिथे `cwebp -sharp_yuv` रंगाची सरासरी जरा हुशारीने काढतं, लाल कमी मळतो, पण एक पिक्सेलची रेघ पूर्ण वाचत नाही. तुमच्यासारख्या रेघांच्या आकृतीला मी तरी पीएनजीच ठेवेन, सपाट रंगांमुळे ती बहुतेक वेळा जेपेगपेक्षा लहानही निघते.