सबनेट मास्क बरोबर, पण होस्ट पुरतात का?

प्रश्न: एका विभागात ३० संगणक आहेत. मी `192.168.10.64/27`, मास्क `255.255.255.224` आणि वापरण्याजोगे होस्ट ३० असं लिहिलंय. तपासून सांगाल का?

उत्तर: मास्क आणि होस्टची संख्या दोन्ही बरोबर आहेत, तरी हे सबनेट या विभागाला पुरणार नाही. `/27` म्हणजे होस्टसाठी ५ बिट उरतात. त्यातून ३२ पत्ते होतात, पहिला नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणून हाती ३०. पण संगणकांना बाहेर जायला गेटवे लागतो आणि राउटरच्या त्या पोर्टलाही याच सबनेटमधला पत्ता द्यावा लागतो. म्हणजे गरज ३१ची झाली. `.65` राउटरला दिलात, की `.66` ते `.94` हे २९च उरतात आणि एक संगणक बाहेर राहतो. (गणितात ‘गेटवे धरून ३०’ असं स्पष्ट लिहिलं असेल तर मात्र तुमचं उत्तर योग्यच आहे.)

म्हणून होस्टसाठी एक बिट वाढवा, म्हणजे `/27` ऐवजी `/26` घ्या:

```
192.168.10.64/26
255.255.255.192
2^6 - 2 = 62
.65 – .126, ब्रॉडकास्ट .127
```

सुरुवातीचा पत्ताही तपासायला हवा, तिथे बरेच जण चुकतात. २५६ मधून मास्कचा शेवटचा आकडा वजा करा: २५६ − १९२ = ६४. नेटवर्कचा शेवटचा आकडा या ६४च्या पटीतच हवा. तुमचा ६४ आहे, म्हणून चालतो. पुढचं सबनेट तुम्ही `.96` पासून धरलं असेल, तर ते आता याच्यावर चढतंय. ते `.128` पासून सुरू करा.